थांबलेली ईपीएस पेन्शन पुन्हा सुरू करण्यासाठी द्यायचे पत्र आणि सोबतचा हयातीचा दाखला : मसुदा तपासून हवा आहे

ऐरोलीची_वाचक | 14 ऑगस्ट 2025

नमस्कार. माझे वय 72 असून मी ऐरोलीत राहते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका खासगी कारखान्याच्या लेखा विभागातून मी 2011 मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून कर्मचारी पेन्शन योजना 1995 म्हणजेच ईपीएस खाली भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मला दरमहा पेन्शन मिळत होती. ती आता 1,864 रुपये आहे. यजमान राज्य शासनाच्या सेवेत होते. त्यांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ठाणे कोषागाराकडून येते, आणि दोन्ही रकमा एकाच बचत खात्यात जमा होतात. कुटुंब निवृत्तिवेतन वेळच्या वेळी येत राहिल्यामुळे दुसरी रक्कम थांबल्याचे लगेच ध्यानात आले नाही. या आठवड्यात पासबुक भरून घेतले तेव्हा दिसले, की जानेवारी 2025 ची पेन्शन जमा झाली आहे आणि फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत एकही नोंद नाही.

पेन्शन कार्यालयाला द्यायच्या पत्राचा मुख्य भाग असा लिहिला आहे :

"मी गेली 14 वर्षे आपल्या कार्यालयाची नियमित निवृत्तिवेतनधारक असून माझे निवृत्तिवेतन कोणतीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आले आहे. मी हयात असल्याचा दाखला गेल्या नोव्हेंबरमध्येच बँकेत दिलेला असून त्याची छायाप्रत सोबत जोडली आहे. माझ्यासारख्या ज्येष्ठ नागरिकास या वयात असा मनस्ताप देणे योग्य नव्हे. तरी माझे निवृत्तिवेतन पूर्ववत सुरू करून थकीत रक्कम 18 टक्के व्याजासह त्वरित अदा करावी, अन्यथा मला ग्राहक मंचाकडे दाद मागावी लागेल."

पत्र मराठीत दिलेले चालेल का, आणि ते ठाण्यात द्यावे की नवी मुंबईच्या कार्यालयात, हेही जाणकारांनी सांगावे.

---

पाचपाखाडीकर | 14 ऑगस्ट 2025

ताई, मी सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हा विषय माझ्या परिचयाचा आहे. हयातीच्या दाखल्याचा महिना नोव्हेंबर हाच असतो. कोषागाराकडून बँकेच्या शाखेत यादी येते, आपण 1 ते 30 नोव्हेंबरच्या दरम्यान तिच्यावर सही करायची आणि ती यादी बँकेने कोषागाराला परत पाठवायची, असा हा क्रम आहे. आपण सही केली असूनही पेन्शन थांबली असेल तर यादी परत जाताना आपले नाव सुटले असणार. पत्र थेट जिल्हा कोषागार अधिकारी, ठाणे यांच्या नावे करावे. बँकेला लिहून उपयोग होत नाही, कारण तेथे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात.

---

निधीलेखा | 14 ऑगस्ट 2025

पाचपाखाडीकर साहेबांनी सांगितलेली पद्धत राज्य शासनाच्या पेन्शनला तंतोतंत लागू आहे, पण ताईंची थांबलेली पेन्शन ती नव्हे. मी भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन शाखेत अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. काउंटरवर आम्हाला हीच गल्लत सर्वांत जास्त दिसायची.

ईपीएसच्या पेन्शनला नोव्हेंबर महिन्याचे बंधन राहिलेले नाही. हयातीचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तो दिल्याच्या तारखेपासून एक वर्ष ग्राह्य धरला जातो. म्हणजे आपण मागचा दाखला फेब्रुवारीत दिला असेल तर त्याची मुदत पुढच्या फेब्रुवारीत संपते. बाकी जग नोव्हेंबरमध्ये काय करते याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरे असे, की हयातीचा दाखला माणसाच्या नावाने निघत असला तरी तो जोडला जातो पीपीओ क्रमांकाला, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाच्या क्रमांकाला. ज्यांना दोन पेन्शन आहेत त्यांचे पीपीओ दोन असतात आणि दाखलेही दोन लागतात. कोषागाराच्या यादीवर केलेली सही भविष्य निर्वाह निधीच्या संगणकापर्यंत कधीच पोहोचत नाही.

म्हणून पत्राला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहून सांगा. नोव्हेंबरच्या ज्या दाखल्याची प्रत आपण जोडणार आहात, तिच्यावर कोणता पीपीओ क्रमांक आहे? आणि ईपीएससाठी याआधीचा जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा, दाखला कोणत्या तारखेचा आहे? क्रमांक येथे लिहू नका, फक्त कोणत्या पेन्शनचा आहे एवढेच सांगा.

---

कोपरी_पूर्व | 15 ऑगस्ट 2025

माझ्या वडिलांच्या बाबतीत निराळेच घडले होते, ते सांगतो. त्यांनी दाखला वेळेत काढला होता, मोबाइलवर प्रमाण आयडीचा संदेशही आला होता, तरी पेन्शन थांबली. कार्यालयात गेल्यावर कळले, की सेवा केंद्रातील मुलाने पीपीओ क्रमांकातील दोन अंक उलटसुलट टाकले होते आणि दाखला फेटाळला गेला होता. संदेश आला म्हणजे काम झाले असे आम्ही समजून बसलो होतो. काकूंनी हेही तपासावे.

---

निधीलेखा | 15 ऑगस्ट 2025

कोपरी_पूर्व यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रमाण आयडी मिळणे याचा अर्थ इतकाच, की आधारवरून ओळख पटली आणि दाखला तयार झाला. तो पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने स्वीकारला की नाही हा पुढचा टप्पा असतो. jeevanpramaan.gov.in वर प्रमाण आयडी टाकून दाखला उघडता येतो आणि तो स्वीकारला गेला की फेटाळला गेला हे कळते. पीपीओ क्रमांक चुकणे, खाते क्रमांक चुकणे आणि पेन्शन मंजूर करणारी संस्था म्हणून EPFO ऐवजी भलतेच काही निवडले जाणे, या तीन कारणांनीच बहुतेक दाखले परत येतात.

---

ऐरोलीची_वाचक | 16 ऑगस्ट 2025

आपण विचारल्याप्रमाणे कागद काढून पाहिले. नोव्हेंबरच्या कागदावर यजमानांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचाच क्रमांक आहे. ईपीएसचा शेवटचा जीवन प्रमाण दाखला 12 फेब्रुवारी 2024 चा आहे. तो ठाणे पूर्वेच्या एका सेवा केंद्रात बोटांचे ठसे देऊन काढला होता.

याचा अर्थ मी पत्रासोबत जो दाखला जोडणार होते त्याचा या पेन्शनशी संबंधच नव्हता. आता नवा दाखला काढायचा तर माझ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. मागच्या वेळीही यंत्राने फार वेळ घेतला होता. अशा स्थितीत बँकेच्या व्यवस्थापकांची सही असलेला कागदी दाखला पत्रासोबत जोडला तर चालेल का?

---

वाशी_सेक्टर_नऊ | 16 ऑगस्ट 2025

कागदी दाखला चालतो. माझ्या सासूबाईंचा दोन वर्षांपूर्वी बँकेनेच भरून घेतला आणि पुढे पाठवला होता. उगाच मोबाइलच्या नादी लागू नये.

---

खारकर_आळी | 16 ऑगस्ट 2025

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना मात्र कागदी दाखला परत करून डिजिटल काढून आणा असे सांगण्यात आले. त्यामुळे चालतोच असे ठामपणे म्हणता येणार नाही. कार्यालयागणिक, किंबहुना टेबलागणिक, अनुभव वेगळे आहेत.

---

निधीलेखा | 16 ऑगस्ट 2025

ठसे किंवा चेहरा यांपैकी काहीच जुळत नसेल, किंवा व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल, तर कागदी दाखल्याची वाट धरावी लागते आणि त्यासोबत डिजिटल दाखला का निघू शकला नाही याचे कारण लिहून द्यावे. ताईंच्या बाबतीत मात्र आधी चेहऱ्यावरून प्रयत्न करून पाहावा, असे मी सुचवेन. कागदी दाखल्याची नोंद कोणीतरी हाताने संगणकात घ्यावी लागते आणि तेथे वेळ जातो. डिजिटल दाखला थेट प्रणालीत जातो.

टपाल खात्यामार्फत पोस्टमन घरी येऊनही दाखला काढून देतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर त्यालाही चेहऱ्यावरूनच काढायला सांगावे.

---

घणसोलीचा_नातू | 16 ऑगस्ट 2025

आजी, चेहऱ्यावरून दाखला काढण्याची पद्धत मी माझ्या आजोबांसाठी वापरली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अँड्रॉइड मोबाइलवर Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD ही दोन्ही अॅप घ्यावी लागतात. दुसरे अॅप उघडून वापरायचे नसते, ते पहिल्याला चेहरा ओळखून देते. सुरुवातीला 'ऑपरेटर' म्हणून ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याची नोंदणी होते, आणि हा ऑपरेटर घरातील कोणीही असू शकतो. बरेच लोक येथेच गोंधळतात आणि ऑपरेटरच्या जागी पेन्शनधारकाचेच तपशील भरतात. ऑपरेटरची नोंदणी एकदा झाली, की नंतर पेन्शनधारकाचा आधार क्रमांक, मोबाइल, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारी संस्था, पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक भरायचा आणि शेवटी पेन्शनधारकाचा चेहरा दाखवायचा.

खिडकीकडे पाठ करून बसू नका, कारण चेहऱ्यावर सावली पडली की तो ओळखला जात नाही. चष्मा काढून ठेवावा आणि सांगितले जाईल तेव्हा पापण्या मिटून उघडाव्यात. ऐरोलीत राहत असाल तर मी रविवारी येऊनही करून देऊ शकतो, पण तुमच्या घरात कोणी असेल तर त्यांच्याच मोबाइलवर करणे अधिक चांगले.

---

व्यवस्थापन | 16 ऑगस्ट 2025

सर्व सदस्यांना विनंती आहे, की मदतीसाठीसुद्धा कोणी कोणाकडे आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागू नये आणि कोणी तो देऊ नये. "पेन्शन थांबली आहे, दाखला अद्ययावत करतो" असे सांगून ओटीपी मागणारे फोन येत असतात आणि असे धागे वाचूनच काही जण संपर्क साधतात. घणसोलीचा_नातू यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, तरी घरच्यांच्या मोबाइलवर दाखला काढण्याचा त्यांचाच सल्ला पाळावा.

---

ऐरोलीची_वाचक | 17 ऑगस्ट 2025

आज सकाळी सुनेच्या मोबाइलवर दाखला काढला. पहिल्यांदा चेहरा ओळखला गेला नाही, मग गॅलरीत उजेडात बसल्यावर लगेच झाले. प्रमाण आयडीचा संदेश आला आहे. ईपीएसचा पीपीओ क्रमांक मूळ पत्रावरून सुनेने वाचला आणि मी पासबुकावरून खाते क्रमांक वाचला, अशी दोघींनी मिळून पडताळणी केली.

आता पत्राचे काय करावे? दाखला थेट प्रणालीत गेला असेल तर पत्राची गरज उरते का?

---

घणसोलीचा_नातू | 17 ऑगस्ट 2025

माझ्या मते गरज नाही. आजोबांचा दाखला स्वीकारला गेल्यावर पुढच्या महिन्यापासून पेन्शन आपोआप आली होती.

---

निधीलेखा | 17 ऑगस्ट 2025

आजोबांची पेन्शन थांबलेली नव्हती, की थांबून काही महिने लोटले होते, हे विचारावे लागेल. मुदत संपण्याच्या सुमारास दाखला दिला तर खंड पडतच नाही, मग पत्राचा प्रश्न उद्भवत नाही. ताईंच्या सहा महिन्यांच्या पेन्शनचा खंड पडला आहे. दाखला स्वीकारल्यावर थकबाकीसह पेन्शन सुरू होणे अपेक्षित आहे, पण कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची रक्कम येणे आहे याची लेखी नोंद आपल्याकडून गेलेली असावी. उद्या थकबाकी अर्धवट आली किंवा आलीच नाही, तर तक्रार करताना या पत्राची पोच हाच आपला आधार असेल.

आणखी एक गोष्ट पत्र देण्याआधी तपासावी. पेन्शन हयातीच्या दाखल्याअभावी थांबली, की बँकेने रक्कम परत पाठवली, हे दोन वेगळे आजार आहेत. खाते निष्क्रिय झाले, बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला किंवा खात्यावरील नाव जुळले नाही, तर कार्यालय रक्कम पाठवते आणि ती परत येते. अशा वेळी कितीही दाखले दिले तरी उपयोग होत नाही. ताईंच्या खात्यात कुटुंब निवृत्तिवेतन व्यवस्थित जमा होते आहे आणि दाखल्याची मुदत संपल्यानंतरच ईपीएसची पेन्शन थांबली आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहता कारण दाखल्याचेच दिसते. तरीही EPFO च्या संकेतस्थळावर पेन्शनधारकांच्या विभागात पेन्शन जमा झाल्याची चौकशी करता येते, तेथे शेवटचा महिना कोणता दिसतो ते पाहून घ्यावे.

आता मसुद्याविषयी. पहिल्या मसुद्यात राग आहे, पण पीपीओ क्रमांक नाही. ज्या लेखा सहायकाच्या टेबलावर हे पत्र जाईल, तो पहिल्यांदा पीपीओ क्रमांक शोधतो आणि तो न सापडल्यास पत्र बाजूला ठेवतो. कोणत्या महिन्यापासून पेन्शन थांबली तेही त्यात नाही. 18 टक्के व्याजाची मागणी आणि ग्राहक मंचाचा इशारा काढून टाकावा, कारण मुदत संपल्यामुळे थांबलेल्या पेन्शनवर व्याज मागण्याला आधार नाही आणि इशारा दिलेले पत्र खालच्या टेबलावर निकाली न निघता वर जाते. पूर्वसूचना मिळाली नाही हे एका वाक्यात लिहायला हरकत नाही, ते खरे आहे.

पत्र ठाण्यालाच द्यावे, कारण पीपीओ तेथून निघाला आहे. जानेवारी 2025 पासून पेन्शन देण्याची व्यवस्था केंद्रीकृत झाल्यामुळे राहते ठिकाण बदलले म्हणून पीपीओ दुसऱ्या कार्यालयात वर्ग करून घेण्याची गरज राहिलेली नाही. नवी मुंबईच्या कार्यालयातही आपला दाखला घेतील, पण थकबाकीचा कागद मूळ कार्यालयातच असलेला बरा.

---

पाचपाखाडीकर | 17 ऑगस्ट 2025

माझा सल्ला कोषागारापुरताच होता हे मान्य. पण कार्यालय केंद्र सरकारचे आहे, तेव्हा पत्र इंग्रजीत दिले तर काम लवकर होईल असे माझे मत आहे. मराठी पत्र दिल्लीला गेले तर कोण वाचणार?

---

खारकर_आळी | 17 ऑगस्ट 2025

ठाण्यातील पत्र दिल्लीला जात नाही, वागळे इस्टेटमध्येच राहते. आणि गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 ने दिलेला आहे. त्या टेबलावर काम करणारी माणसेही बहुधा कल्याण-डोंबिवलीहूनच येत असतात.

---

निधीलेखा | 17 ऑगस्ट 2025

मराठीत द्यावे, मात्र नाव पीपीओवर छापले आहे त्याच पद्धतीने इंग्रजी अक्षरांत विषयाखाली एकदा लिहावे. संगणकात नाव तसेच शोधले जाते आणि देवनागरीवरून इंग्रजी करताना प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे होते.

---

ऐरोलीची_वाचक | 18 ऑगस्ट 2025

सर्वांच्या सूचनांनुसार पत्र पुन्हा लिहिले आहे. खासगी तपशिलांच्या जागा येथे मोकळ्या ठेवल्या आहेत. संकेतस्थळावर पाहिले असता शेवटची जमा जानेवारी 2025 चीच दिसते आणि नवा दाखला स्वीकारल्याचेही दिसते आहे.

दिनांक : 19 ऑगस्ट 2025

प्रति,
क्षेत्रीय भविष्य निधी आयुक्त (पेन्शन शाखा),
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना,
क्षेत्रीय कार्यालय, वागळे इस्टेट, ठाणे

विषय : हयातीच्या दाखल्याअभावी थांबलेली पेन्शन थकबाकीसह पुन्हा सुरू करण्याबाबत.
पीपीओ क्रमांक : ............
पीपीओवरील नाव, इंग्रजी अक्षरांत : ............

महोदय,

मी, वर नमूद केलेल्या पीपीओ क्रमांकाची पेन्शनधारक, कर्मचारी पेन्शन योजना 1995 अन्वये दरमहा 1,864 रुपये पेन्शन घेत आहे. माझी जानेवारी 2025 ची पेन्शन ............ बँकेच्या ............ शाखेतील बचत खाते क्रमांक ............ मध्ये जमा झाली असून फेब्रुवारी 2025 ते जुलै 2025 या सहा महिन्यांची पेन्शन जमा झालेली नाही.

माझा यापूर्वीचा डिजिटल हयातीचा दाखला दिनांक 12 फेब्रुवारी 2024 चा असल्याने त्याची एक वर्षाची मुदत संपल्यामुळे पेन्शन थांबली असावी, असे दिसते. मुदत संपत असल्याची सूचना मला मिळाली नव्हती. मी दिनांक 17 ऑगस्ट 2025 रोजी चेहरा ओळख पद्धतीने नवा दाखला सादर केला असून त्याचा प्रमाण आयडी ............ असा आहे. तो स्वीकारला गेल्याचे जीवन प्रमाण संकेतस्थळावर दिसते. माझे बँक खाते चालू स्थितीत आहे व त्यात इतर रकमा नियमित जमा होत आहेत.

तरी माझी पेन्शन पुन्हा सुरू करण्यात यावी आणि फेब्रुवारी ते जुलै 2025 या कालावधीची थकबाकी, 1,864 रुपयांप्रमाणे एकूण 11,184 रुपये, वरील खात्यात जमा करण्यात यावी, ही विनंती. पेन्शन दाखल्याव्यतिरिक्त अन्य कारणाने थांबली असल्यास ते कारण मला लेखी कळवावे, म्हणजे मला आवश्यक ती पूर्तता करता येईल.

आपली विश्वासू,
............
पत्ता व मोबाइल क्रमांक : ............

सोबत : 17 ऑगस्ट 2025 च्या हयातीच्या दाखल्याची प्रत, पीपीओची छायाप्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची आणि जानेवारी ते जुलै 2025 च्या नोंदींच्या पानांची छायाप्रत, आधार कार्डाची स्वयंसाक्षांकित छायाप्रत.

---

निधीलेखा | 18 ऑगस्ट 2025

उत्तम झाले आहे. "अन्य कारण असल्यास लेखी कळवावे" हे वाक्य आपण स्वतःहून घातलेत, ते फार उपयोगी आहे. त्यामुळे "दाखला मिळाला" एवढ्यावर पत्र दप्तरी लावता येत नाही. आधारच्या छायाप्रतीवर पहिले आठ अंक झाकून शेवटचे चार दिसतील असे ठेवावे, आणि सहीशेजारी "ईपीएस पेन्शनच्या कामासाठी" असे लिहून तारीख घालावी. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक विभागात देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. नुसती सही म्हणजे पोच नव्हे. जाणे शक्य नसेल तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी.

---

कोपरी_पूर्व | 19 ऑगस्ट 2025

काकू, शक्य असल्यास 'निधि आपके निकट' या मेळाव्यालाही जावे. दर महिन्याच्या 27 तारखेला तो असतो आणि तेथे अधिकारी समोर बसलेले असतात. वडिलांचा उलटसुलट झालेला क्रमांक तेथेच दुरुस्त झाला.

---

खारकर_आळी | 19 ऑगस्ट 2025

या 27 तारखेला गणेश चतुर्थी आहे. सुटी असली की मेळावा पुढच्या कामाच्या दिवशी होतो, तेव्हा तारीख आधी विचारून घ्यावी.

---

ऐरोलीची_वाचक | 2 सप्टेंबर 2025

पत्र मुलाने वागळे इस्टेटला नेऊन दिले आणि आवक क्रमांकासह पोच आणली. ऑगस्ट महिन्याची 1,864 रुपये पेन्शन खात्यात जमा झाली आहे. थकबाकी मात्र अजून आलेली नाही. घरात गौरी-गणपती असल्यामुळे मेळाव्याला जाणे जमले नाही. आता लगेच तक्रार करावी का?

---

घणसोलीचा_नातू | 2 सप्टेंबर 2025

आजी, EPFiGMS या EPFO च्या तक्रार पोर्टलवर आजच तक्रार टाकावी. पीपीओ क्रमांक टाकून पेन्शनधारक म्हणून नोंद करता येते आणि पोच दिलेल्या पत्राची प्रतही जोडता येते.

---

निधीलेखा | 3 सप्टेंबर 2025

मी आणखी एका महिन्याची जमा पाहिली असती. नियमित पेन्शन सुरू झाली, म्हणजे दाखल्याची नोंद झाली आहे हे सिद्ध झाले. थकबाकी कधी पहिल्याच महिन्यात येते, तर कधी पुढच्या महिन्याच्या पेन्शनबरोबर. आताच तक्रार टाकली तर "प्रक्रिया सुरू आहे" असे उत्तर देऊन ती बंद केली जाण्याची शक्यता असते. सप्टेंबरच्या पेन्शनबरोबर 11,184 रुपये आले नाहीत, तर तक्रारीत आवक क्रमांक, ऑगस्टची जमा आणि न आलेले सहा महिने असे तिन्ही तपशील देता येतील, आणि मग तसे उत्तर देणे अवघड जाईल.

---

वाशी_सेक्टर_नऊ | 3 सप्टेंबर 2025

माझा याला विरोध आहे. आपली रक्कम आपण मागायला एक महिना का थांबावे? तक्रार बंद केली तर पुन्हा टाकता येते.

---

पाचपाखाडीकर | 3 सप्टेंबर 2025

ताई, थांबा किंवा थांबू नका, पण नोव्हेंबरमध्ये कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बँकेतील यादीवर सही करायची आहे, ती या धावपळीत राहू देऊ नका. ईपीएसचा दाखला 17 ऑगस्टचा आहे, तो तेथे चालणार नाही.

---

ऐरोलीची_वाचक | 4 सप्टेंबर 2025

दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबर आणि ईपीएससाठी पुढच्या वर्षी 16 ऑगस्टच्या आत. तक्रार सप्टेंबरअखेर पासबुक भरून घेतल्यावर ठरवीन आणि थकबाकीचे काय झाले ते येथेच कळवीन.